बँक बुडाली तर ५ लाख : समज-गैरसमजाच्या स्लाइड्स करतेय, कुठे जास्त बोलतेय आणि कुठे घाबरवतेय ते सांगा

मीनल_ठाणे

आईच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॅप ग्रुपसाठी आणि इन्स्टासाठी सहा स्लाइड्सचं कॅरोसेल बनवतेय. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले ना, तेव्हापासून त्या ग्रुपवर रोज काहीतरी फिरतंच. कोणी म्हणतं सगळ्या सहकारी बँका जाणार, कोणी म्हणतं काही होत नाही सरकार बघून घेतं. दोन्ही ऐकून आईची एक मैत्रीण एफडी मुदतीआधी मोडून पैसे घरी कपाटात ठेवून बसलीये. म्हणून ठेव विम्यावरच करायचं ठरवलं. मजकूर असा आहे:

१. बँक बुडाली तर तुमच्या पैशांचं काय?
२. गैरसमज : बँक बुडाली की सगळं गेलं. सत्य : ५ लाखांपर्यंत पैसे १००% सुरक्षित.
३. गैरसमज : प्रत्येक एफडीला ५ लाख. सत्य : प्रत्येक माणसाला एका बँकेत ५ लाख.
४. गैरसमज : ५ लाखांवरचे पैसेही मिळतात. सत्य : ५ लाखांवरचे पैसे बुडतात.
५. गैरसमज : सहकारी संस्थांना विमा नसतो. सत्य : त्यांनाही विमा असतो.
६. आजच पैसे वाटून ठेवा!

वाचणारे साठीच्या पुढचे आहेत, घाबरले तर थेट बँकेत रांग लावतील. पण इतकं गुळगुळीतही नको की वाचून काहीच कळलं नाही. सांगा.

कऱ्हाडकर

छान उपक्रम. स्लाइड ३ मध्ये एवढं घाला की जॉइंट खातं केलं की १० लाख कव्हर होतात. नवरा-बायको दोघांचे ५-५. आम्ही तसंच केलंय.

जुना_लेखापाल

नागरी सहकारी बँकेत लेखा विभागातच नोकरी झाली माझी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी स्लाइड ५, कारण तिच्यामुळे कुणाचं खरंच नुकसान होईल. "सहकारी संस्थांना विमा असतो" हे असंच गेलं तर पतसंस्थेत पैसे असलेला माणूस निश्चिंत होईल. विमा आहे तो सहकारी *बँकांना*. नागरी बँक, जिल्हा मध्यवर्ती, राज्य सहकारी. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि डीआयसीजीसीचा, म्हणजे बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या महामंडळाचा, विमाही नसतो. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नसतो. गावात बोर्ड सारखाच दिसतो, काउंटर सारखं, पासबुक सारखं, पिग्मीवाला एजंटही तोच, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. माझं मत विचाराल तर अख्ख्या कॅरोसेलमध्ये सगळ्यात महत्त्वाची स्लाइड हीच.

दुसरं, कऱ्हाडकर, जॉइंटचं तुम्ही अर्धं बरोबर लिहिलंत. जॉइंट खातं वैयक्तिक खात्यापासून वेगळं धरतात हे खरं. पण त्या जॉइंट खात्याला मिळून ५ लाख, दोघांना ५-५ नाही. म्हणजे फक्त जॉइंटमध्येच ९ लाख असतील तर विमा ५ चाच.

कऱ्हाडकर

असं होय. मग आमचं ८ लाखांचं जॉइंट आहे त्याचं काय?

जुना_लेखापाल

विमा ५ लाखांपुरता. बाकीचे ३ बुडतील असा त्याचा अर्थ नाही, त्यांना विम्याची हमी नाही इतकाच. लगेच मोडायला जाऊ नका, मुदत संपली की ठरवा. आणि बँक कोणती, तिची तब्येत कशी, हे आधी बघा.

रानवारा

माझ्या मते स्लाइड २ मधलं "१००% सुरक्षित" काढाच.

आमची बँक निर्बंधांखाली गेली होती, नाव घेत नाही. माझे पैसे ५ लाखांच्या खूप आत होते, पुढे सगळे मिळालेही. पण मधल्या काळात खात्यात आकडा दिसत होता आणि काढता येत नव्हता. वडिलांचं ऑपरेशन होतं, बहिणीकडून उसने घेतले. त्या वेळी कोणी "१००% सुरक्षित" म्हटलं असतं तर डोकं फिरलं असतं. सुरक्षित असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. स्लाइडवर हे दोन्ही आलं पाहिजे, नाहीतर वाचणारा सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवतो आणि अडचणीच्या वेळी नेमकी तीच अडकते.

मीनल_ठाणे

@रानवारा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे "मिळतील" आणि "कधी मिळतील" दोन्ही लिहायचं. काळ किती लिहू? कोणी ९० दिवस म्हणतं.

जुना_लेखापाल

९० दिवस बरोबर आहे, पण कुठून मोजायचे ते सांगितल्याशिवाय लिहू नका.

१ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आधी परवाना रद्द होऊन बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळायला, गेली की मगच विम्याचे पैसे मिळायचे, आणि निर्बंध तर वर्षानुवर्षं चालायचे. आता रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर निर्बंध घातले की त्या दिवसापासून ९० दिवस मोजतात. त्यात पहिले ४५ दिवस बँकेला, ठेवीदारांची यादी आणि दावे पाठवायला. मग ३० दिवस डीआयसीजीसीला तपासणीला. शेवटचे १५ दिवस पैसे द्यायला. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते. म्हणून "९० दिवसांत मिळतातच" असं लिहू नका, "साधारण ३ महिने, कधी जास्त" असं लिहा.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. हे पैसे आपोआप येत नाहीत. खातेदारानं बँकेला लेखी संमती द्यायची असते आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यायचा असतो. केवायसी अर्धवट असेल, नावात फरक असेल, खातेदार वारला असेल आणि वारसांनी कागद दिलेले नसतील, तर यादीतून नाव मागं पडतं. म्हातारी माणसं इथंच अडकतात. स्लाइडवर एक ओळ याला द्या, तिचा उपयोग आहे.

सासष्टीकर

आमच्याकडे गोव्यात म्हापसा अर्बनवर २०१५ पासून निर्बंध होते आणि परवाना रद्द झाला २०२० ला. मधली वर्षं लोक वाट बघत बसले. आता ९० दिवसांचा नियम आहे हे त्या लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही, बरेच अजून "पाच-सहा वर्षं लागतात" असंच धरून चाललेत. तेव्हा गैरसमज म्हणून "विम्याचे पैसे मिळायला वर्षं लागतात" हाही घ्या ना. जुना अनुभव खरा होता, नियम नंतर बदलला, असं लिहिलं तर त्या लोकांना आपण खोटे ठरवल्यासारखंही होणार नाही.

प्रज्ञा_मुलुंड

मी सोशल मीडियाचं काम करते म्हणून डिझाइनच्या बाजूनं.

लोक कॅरोसेल पुढे पाठवत नाहीत, एका स्लाइडचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्यामुळे प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी बरोबर राहिली पाहिजे. मीनल, तुझ्या स्लाइड ४ चा स्क्रीनशॉट कल्पून बघ, मोठ्या अक्षरात "५ लाखांवरचे पैसे बुडतात". उद्या हाच मजकूर कुठल्यातरी बँकेच्या नावासकट फिरेल.

तसंच गैरसमज मोठ्या ठळक अक्षरात आणि सत्य खाली बारीक, हे उलटं कर. घाईत वाचणाऱ्याला मोठं अक्षरच लक्षात राहतं, आणि मग तोच गैरसमज पक्का होतो. खरी गोष्ट वर मोठी, खाली छोट्या अक्षरात "अनेकांना वाटतं की..." असं. लाल रंग, फुल्या, रडके चेहरे नकोत.

आणि कोपऱ्यात महिना-वर्ष टाक. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाख होती, तेव्हाच्या स्लाइड्स आजही फिरतात आणि त्यावर तारीख नसते.

बंड्या_सोलापूर

माझ्या सासऱ्यांच्या ग्रुपवर अजून १ लाखवालीच फिरतेय, वर "ताजी बातमी" लिहिलेलं 😀

शुभांगी_ताई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझे पैसे पोस्टात आहेत, मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख. मग त्यातले ४ लाख बुडणार का? हा धागा वाचून झोप उडाली माझी.

जुना_लेखापाल

शुभांगीताई, नाही नाही. पोस्टाची बचत योजना बँकेच्या ठेव विम्यात येतच नाही, तिच्यामागे थेट केंद्र सरकार आहे. ५ लाखांची मर्यादा तिथं लागू नाही. निवांत झोपा.

मीनल_ठाणे

शुभांगीताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. माझ्या स्लाइड्स वाचून पोस्टात पैसे असलेली माणसंही घाबरू शकतात हे त्यामुळे कळलं. शेवटच्या स्लाइडवर "हे पोस्टाच्या बचतीला लागू नाही" घालते.

अभय_डॅलस

मला वाटतं तुम्ही सगळे एका गोष्टीला बगल देताय. ५ लाखांवरचे पैसे बुडू शकतात हे खरंच आहे. घाबरवायचं नाही म्हणून गोड बोलायचं का? माझ्या काकांचे सहकारी बँकेत १४ लाख होते आणि त्यांना कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. थोडं घाबरलेले बरे.

जुना_लेखापाल

अभयराव, गोड बोलायचं नाहीच आहे. पण "बुडतात" हे खरं नाही आणि "मिळतात" हेही खरं नाही. तीन उदाहरणं देतो, तिन्ही जाहीर आहेत.

येस बँक. ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा, त्याच महिन्यात १८ तारखेला उठली. ठेवीदाराचा रुपया गेला नाही, ५ लाखांवरचाही नाही.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह. फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध, ४ ऑगस्ट २०२५ ला सारस्वत बँकेत विलीन. ठेवी तिकडं गेल्या.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. सप्टेंबर २०१९ ला निर्बंध, सुरुवातीला फक्त १ हजार काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन. ५ लाखांपर्यंतचे आधी मिळाले, त्यावरच्या मोठ्या ठेवींसाठी योजनेत १० वर्षांपर्यंतचे टप्पे. पैसे बुडाले असं म्हणता येत नाही, पण सत्तरीतल्या माणसाला १० वर्षं म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि कोणी विलीन करून घ्यायला आलंच नाही, बँक थेट अवसायनात गेली, तर वरच्या रकमेसाठी अवसायक मालमत्ता विकेल, कर्जं वसूल करेल, डीआयसीजीसीनं दिलेले पैसे आधी परत करेल आणि मग उरलं तर. तिथं वेळेची आणि रकमेची दोन्हीची खात्री नाही.

म्हणून मी लिहीन : "५ लाखांवरच्या रकमेला विम्याची हमी नाही. ती पूर्ण मिळू शकते, उशिरा मिळू शकते, किंवा काही भाग मिळणारही नाही. बँकेचं पुढं काय होतं त्यावर ते ठरतं."

अभय_डॅलस

हे मान्य, पण लांब आहे. स्लाइडवर कोण एवढं वाचणार.

प्रज्ञा_मुलुंड

वाचतील. साठीच्या पुढचे लोक पैशाचं असेल तर सगळं वाचतात, अक्षर मोठं पाहिजे फक्त. तीन वाक्यं आहेत, बसतात.

रानवारा

मला मात्र अभयचं थोडं पटतंय. "काही भाग मिळणारही नाही" हे वाक्य मधे कुठेतरी दडवू नका, तेही तेवढ्याच अक्षरात असू दे.

कऱ्हाडकर

@जुना_लेखापाल एक पूर्ण हिशोब मांडून दाखवता का? नुसता नियम डोक्यात राहत नाही. व्याज त्यात धरतात की वेगळं?

जुना_लेखापाल

व्याज धरूनच ५ लाख. समजा एक मावशी आहेत, सगळं एकाच बँकेत.

डेक्कन शाखेत एफडी ३,००,०००
कोथरूड शाखेत एफडी २,५०,०००
बचत खातं ४०,०००
आजपर्यंतचं साठलेलं व्याज २२,०००

शाखा वेगळ्या असल्या तरी बँक एकच, म्हणून सगळं एकत्र. बेरीज ६,१२,०००. विमा ५,००,०००. म्हणजे १,१२,००० विम्याच्या बाहेर.

आता त्यांनी त्याच बँकेतून सोनेतारण घेतलंय, ८०,००० बाकी. बँकेला ते वळतं करून घ्यायचा हक्क असतो. ते आधी वजा होतात, मर्यादा नंतर लागते. ६,१२,००० मधून ८०,००० गेले, उरले ५,३२,०००. विमा ५,००,०००, बाहेर राहिले ३२,०००. लोकांना वाटतं ५ लाखांतून ८० हजार कापून ४,२०,००० मिळतील, तसं या हिशोबात होत नाही.

शिवाय मावशी आणि काकांचं जॉइंट ४,००,००० आहे. ते वेगळं धरलं जातं, ५ च्या आत आहे, म्हणून पूर्ण विम्यात. तेच त्याच दोघांच्या नावानं त्याच क्रमानं दुसरं जॉइंट खातं उघडलं तर ते पहिल्यात मिळवतात.

सासष्टीकर

आणि क्रम उलटा केला तर? काका आधी, मावशी मागून?

जुना_लेखापाल

तर वेगळं धरतात, हे डीआयसीजीसीनंच त्यांच्या प्रश्नोत्तरांत दिलंय. पण कृपया हे स्लाइडवर टाकू नका. लोक नावांची उलटापालट करत बसतील आणि नंतर सही कोणाची, टीडीएस कोणाच्या पॅनवर, याचा घोळ होईल. त्यापेक्षा दुसरी बँक सोपी.

बंड्या_सोलापूर

मी एक विचारतो. तो जुना मेसेज, की नवीन कायद्यानं बँक तुमच्या ठेवी स्वतःच्या तोट्यात वापरू शकते, तो खरा का? सासरे दर दिवाळीला पाठवतात.

जुना_लेखापाल

तो २०१७ च्या विधेयकाबद्दल आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत मांडलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतलं. कायदा झालाच नाही. सासऱ्यांना तारखा द्या, "खोटं आहे" म्हणू नका, कारण विधेयक होतं हे खरं.

मीनल_ठाणे

सगळं एकत्र करून नवीन मजकूर :

१. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. किती आणि कसा, ते बघा. (कोपऱ्यात महिना-वर्ष)

२. एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवी, व्याजासकट, मिळून ५ लाखांपर्यंत विमा. शाखा वेगळ्या असल्या तरी हिशोब एकत्र. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही. अनेकांना वाटतं की प्रत्येक एफडीला वेगळे ५ लाख.

३. मावशींचा हिशोब. सोनेतारण सोडून, नाहीतर गर्दी होते.

४. विम्याचे पैसे निर्बंध लागल्यापासून साधारण ३ महिन्यांत, कधी त्याहून उशिरा. तोपर्यंत खात्यातले पैसे अडकू शकतात. बँकेला संमती आणि दुसऱ्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. केवायसी आणि नॉमिनी आजच तपासा. २०२१ च्या आधी यापेक्षा खूप जास्त वेळ लागायचा.

५. ५ लाखांवरच्या रकमेला विम्याची हमी नाही. ती पूर्ण मिळू शकते, उशिरा मिळू शकते, किंवा काही भाग मिळणारही नाही. (तिन्ही एकाच अक्षरात)

६. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायटीतल्या ठेवींना हा विमा नाही. सहकारी बँकांना आहे. तुमची बँक यादीत आहे का ते dicgc.org.in वर बघा. हे पोस्टाच्या बचतीला लागू नाही, तिच्यामागे केंद्र सरकार आहे.

"आजच पैसे वाटून ठेवा" काढून टाकलं.

प्रज्ञा_मुलुंड

खूपच चांगलं. ६ वर एक भर घाल, बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि नेटबँकिंगवर डीआयसीजीसीचा लोगो आणि क्यूआर कोड लावलेला असतो, तोही बघावा. १ सप्टेंबर २०२३ पर्यंत सगळ्या बँकांनी लावायचा असं सांगितलं होतं.

अभय_डॅलस

"वाटून ठेवा" का काढलं? शेवटी माणसानं करायचं काय हे नको का सांगायला? माहिती दिली आणि हात वर केले असं होतंय.

रानवारा

कारण "आजच" वाचून माणूस एफडी मोडतो, दंडाचं व्याज भरतो आणि पैसे घरी आणतो. मीनलच्या आईची मैत्रीण तशीच करून बसलीये.

अभय_डॅलस

मग "आजच" काढा, सल्ला ठेवा. "एफडीची मुदत संपेल तेव्हा विचार करा" असं.

जुना_लेखापाल

यावर माझं मन दोन्हीकडे आहे. मुदत संपल्यावर रक्कम दोन-तीन बँकांत विभागणं हे बहुतेकांना योग्यच. पण ऐंशीच्या आजींना चार बँका, चार पासबुकं, चार ठिकाणची केवायसी झेपत नाही, आणि त्यातलं एखादं खातं विसरलं जातं. ते पैसेही अडकतातच, वेगळ्या तऱ्हेनं. सगळ्यांना लागू पडेल असा एका ओळीचा सल्ला मला तरी जमत नाहीये.

शुभांगी_ताई

मला विचाराल तर सल्ला नको. माहिती द्या, आम्ही मुलांशी बोलून ठरवू. फक्त पतसंस्थेची स्लाइड सगळ्यात आधी घ्या, शेवटपर्यंत सरकवत कोण जातंय. आमच्या वाड्यातल्या निम्म्या बायकांची पिग्मी तिथंच आहे.

प्रज्ञा_मुलुंड

शुभांगीताईंचं बरोबर आहे, ६ ला २ नंबरवर आण. पण एक बघ, पहिल्या स्लाइडवर "ठेवीला विमा असतो" आणि लगेच दुसरीवर "पतसंस्थेला नाही", तर पहिलीत "बँकेतल्या" हा शब्द ठळक हवा.

मीनल_ठाणे

करते. सल्ल्याचं अभय आणि बाकीच्यांचं जमत नाहीये, तर सध्या ती ओळ न घालता संघातल्या चार-पाच जणांना प्रिंट काढून वाचायला देते. वाचून झाल्यावर त्यांना एवढंच विचारणार, "आता तुम्ही काय कराल?" कोणी म्हणालं एफडी मोडायला जातो, तर मजकूर परत बदलायचा.

कऱ्हाडकर

त्यांना "तुमच्या जॉइंट खात्याला किती विमा?" हेही विचारा. हिशोबाच्या स्लाइडवर जॉइंटची ओळ ठेवली नाहीत तर दहातले आठ १० लाखच म्हणतील.